पाठ नव्हे, पकड सुटली होती

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक पहाट मला अजून विसरता आलेली नाही. माझे वडील तेव्हा ८३ वर्षांचे होते. न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि भिंतीचा आधार घेत ते खाली बसले. हाड मोडले नव्हते, डोक्याला लागले नव्हते, शुद्धही नीट होती. एवढे तपासून झाल्यावर त्यांना उठवण्याचेच काय ते काम उरले. मी त्यांच्या कमरेभोवती एक जाडसर पंचा गुंडाळला, त्याची टोके दोन्ही मुठींत धरली, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि उचलू लागलो. वडील निम्मे वर आले असतील-नसतील, तोच माझी बोटे उघडली. पंचा सरकला आणि ते पुन्हा होते तेथे टेकले. नशिबाने अंतर वीतभरच होते.

“मला रोज चालायला सांगतोस, आणि तुझ्याच हातांत जोर नाही होय रे?” ते हसत म्हणाले. मला मात्र हसू आले नाही. त्यांचे वजन जेमतेम ५८ किलो. माझ्या मांड्या थकल्या नव्हत्या, पाठही दुखत नव्हती. उचलण्याचे बळ शरीरात शिल्लक असताना केवळ बोटांनी दगा दिला होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पडलेल्या माणसाला उचलण्याऐवजी उठू देण्याची पद्धत नीट शिकलो. तिच्याविषयी पुढे सांगेन. आणि पन्नाशी उलटल्यावर प्रथमच वस्तीतील व्यायामशाळेत नाव घातले. तेथे मी जे शिकलो, त्यात एक चूकही होती. ते आज आपल्याशी बोलायचे आहे, कारण आपल्यापैकी कित्येक जण घरातील वृद्धांना उठवता-बसवता आणि कित्येक जण स्वतःच कठड्याला धरून जिना चढता. दोहोंचा भार अखेर बोटांवरच येतो.

अडथळा नेमका कोठे आहे?

व्यायामशाळेत मी दोन व्यायाम मनापासून धरले. पहिला डेडलिफ्ट. जमिनीवर ठेवलेला, दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या लावलेला दांडा कमरेतून वाकून धरायचा आणि पाठ ताठ ठेवून उभे राहायचे. पाण्याची घागर नीट उचलणाऱ्या बाईला हा व्यायाम कोणी शिकवावा लागत नाही. दुसरा पुल-अप, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्याच्या वर येईपर्यंत स्वतःला खेचणे. शाळेच्या मैदानावरचा सिंगल बार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दीड वर्षात मी डेडलिफ्टमध्ये ७५ किलोपर्यंत आलो आणि तेथेच अडलो. चौथ्या खेपेला दांडा बोटांतून घरंगळू लागे. आधी करंगळी उघडे, मग अनामिका. पुल-अपचेही तसेच. पाच झाले की हात सुटत. व्यायामशाळेतील जुने वस्ताद शांतपणे पाहत होते. त्यांनी मला मनगटाला अडकवून दांड्याभोवती गुंडाळायचे कापडी पट्टे दिले. त्या पट्ट्यांमुळे दांड्याचा बराचसा भार बोटांऐवजी मनगटावर जातो. त्या दिवशी तेच ७५ किलो मी आठ वेळा उचलले.

ही साधी कसोटी मी येथे मुद्दाम सांगतो आहे. पट्टे लावून अधिक वेळा उचलता आले, तर अडथळा पकडीत आहे. पट्टे लावूनही तितकेच जमले, तर तो पाठीत किंवा मांड्यांत आहे आणि पकडीचा कितीही सराव केला तरी वजन वाढणार नाही. पुल-अपसाठीची कसोटी घड्याळाची आहे. मी दांड्याला नुसता लोंबकळलो, तेव्हा २४ सेकंदांत हात सुटले. माझ्या एका पुल-अपला सुमारे चार सेकंद लागत, म्हणजे पाचांना २०. सहाव्यासाठी पाठीत बळ असते, तरी बोटांकडे वेळच उरत नव्हता. कोणी एक मिनिटभर सहज लोंबकळू शकत असेल आणि तरीही पाचच पुल-अप होत असतील, तर त्याने पाठीकडे लक्ष द्यावे.

मूठ मिटते कोपराखाली

आता आपण एक करून पाहा. उजव्या हाताची मूठ सैल सोडा आणि डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराखाली, आतल्या बाजूच्या मांसल भागावर ठेवा. मूठ घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगून टणक झालेले जाणवेल. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते तेथे असतात. तेथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकांकडे जातात आणि कळसूत्री बाहुलीप्रमाणे बोटे ओढतात. म्हणून पकड वाढवायची, तर कोपर ते मनगट हा भाग घडवावा लागतो.

आणखी एक करून पाहा. मनगट तळव्याच्या बाजूला जितके वाकेल तितके वाकवा आणि तसेच ठेवून मूठ आवळा. जोर येत नाही, कारण दोऱ्या आधीच सैल पडलेल्या असतात. आता मनगट किंचित मागे, हाताच्या पाठीकडे झुकवा आणि आवळा. मूठ वज्रासारखी होते. जड वस्तू धरताना मनगटाला या स्थितीत रोखून ठेवण्याचे काम कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते थकले की मनगट पुढे ढळते आणि बोटे मिटवणारे स्नायू ताजे असले तरी पकड सुटते. मी वर्षभर मऊ रबरी चेंडू दाबत बसलो होतो. त्याने या मागच्या बाजूला फारसे काहीच मिळाले नव्हते.

चेंडूचा दुसरा दोषही मला उशिरा कळला. चेंडू दाबताना स्नायू क्षणभर आवळतो आणि सैल होतो. दांडा धरताना तो सलग आवळलेला राहतो आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना दाबतो. रक्त कमी पोहोचते, जळजळ सुरू होते, बोटे सुटतात. हे सलग धरून ठेवणे वेगळे सामर्थ्य आहे आणि ते धरून ठेवण्यानेच येते.

आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे

वस्तादांच्या मदतीने मी तीनच गोष्टींचा क्रम ठरवला. सोमवार आणि गुरुवार, नेहमीचा व्यायाम संपल्यावर. आधी कधीच नाही, कारण थकलेल्या बोटांनी डेडलिफ्टला जाणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

पहिली गोष्ट दांडा धरून उभे राहण्याची. दांडा जमिनीवर न ठेवता मांडीच्या मध्याइतक्या उंचीच्या खुंट्यांवर ठेवायचा, म्हणजे तो उचलण्यात पाठ शिणत नाही. दोन्ही तळवे आपल्याकडे करून तो धरायचा आणि नुसते उभे राहायचे. मी ६० किलोपासून आरंभ केला. २० सेकंद धरायचे, दोन मिनिटे विसावा, असे तीनदा. बोटे उघडेपर्यंत ताणायचे नाही. आणखी दोन-तीन सेकंद जमतील असे वाटत असतानाच दांडा परत खुंट्यांवर ठेवायचा. तीनही वेळा ३० सेकंद जमले की पुढच्या खेपेस अडीच किलो वाढवायचे आणि पुन्हा २० सेकंदांवर यायचे.

येथे दांडा हातात कोठे बसतो याला फार महत्त्व आहे. मी तो तळव्याच्या मधोमध धरत असे. वजन वाढले की तो बोटांच्या मुळाकडे घरंगळतो आणि जाताना कातडीची घडी चिमटून नेतो. त्यातूनच घट्टे पडतात आणि एखाद्या दिवशी सोलून निघतात. दांडा आरंभीच बोटे जेथे तळव्याला मिळतात त्या रेषेवर ठेवावा, म्हणजे घरंगळायला जागाच उरत नाही. घट्टे आंघोळीच्या वेळी वजरीने हलके घासून सपाट ठेवावेत. हात घामेजत असतील तर व्यायामशाळेत मिळणारी पांढरी पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, थोडी चोळावी.

दुसरी गोष्ट लोंबकळण्याची. माझी कमाल मर्यादा २४ सेकंदांची होती, म्हणून मी १५ सेकंदांपासून सुरुवात केली. असे चार वेळा, मध्ये दीड मिनिटाचा विसावा. दर आठवड्याला दोन सेकंद वाढवायचे. खांदे कानांपर्यंत चढू न देता किंचित खाली ओढून ठेवायचे. नाहीतर सगळा भार खांद्याच्या सांध्यावर लटकतो. दांड्यावरून उडी मारून उतरायचे नाही. खाली स्टूल ठेवून त्यावर पाय टेकायचा.

तिसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक, पण माझ्या मते सर्वांत मोलाची. खुर्चीवर बसून हात मांडीवर टेकायचा, तळवा जमिनीकडे, मनगट गुडघ्याच्या पुढे. हातात दोन किलोचे डंबेल. मनगट दोन सेकंदांत वर उचलायचे आणि चार सेकंदांत हळूहळू खाली सोडायचे. १५ वेळा, अशा दोन फेऱ्या. हा झाला मागच्या बाजूचा व्यायाम. त्यानंतर भाजीच्या जुडीला येते तसे एक रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती अडकवायचे आणि बोटे फाकवायची. २० वेळा, दोन फेऱ्या. दिवसभर मिटणाऱ्या बोटांना उघडण्याचेही बळ हवे.

माझी चूक

पहिल्या चार आठवड्यांत लोंबकळण्याचा वेळ १५ वरून २२ सेकंदांवर गेला आणि मला हाव सुटली. घराच्या दाराच्या चौकटीत मी एक दांडा बसवून घेतला. येता-जाता लोंबकळायचे, दिवसातून आठ-दहा वेळा. आठवड्यातून दोनदा हा नियम मी स्वतःच मोडला आणि रुग्णांना मात्र “औषध लिहून दिले तेवढेच घ्या” असे सांगत राहिलो.

सहाव्या आठवड्यात एका आजींचा रक्तदाब तपासताना यंत्राचा रबरी फुगा दाबला आणि कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली. दिवसभरात तो फुगा चाळीस वेळा तरी दाबावा लागतो. प्रत्येक वेळी तीच कळ. संध्याकाळी चहाचे पातेले उतरवताना पुन्हा. सकाळी कोपर आखडलेले असे. मग मी दुसऱ्या हाताच्या बोटाने कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा दाबून पाहिला. नेमके तेथेच दुखत होते. तळवा वर करून, मनगट पुढे वाकवताना पत्नीला ते रोखून धरायला सांगितले; कळ पुन्हा तेथेच. याला वैद्यकात गोल्फर्स एल्बो म्हणतात. हा आजार होण्यासाठी गोल्फ खेळावा लागत नाही. पोळ्या लाटणाऱ्यांना आणि पिळे पिळणाऱ्यांनाही तो होतो.

कारण असे. स्नायू थोड्या आठवड्यांत बळ धरतो. त्याला हाडाशी जोडणारी कंडरा मात्र फार सावकाश घडते, तिला रक्ताचा पुरवठाही बेताचा असतो. पन्नाशीनंतर तर ती आणखी वेळ मागते. स्नायू म्हणतो “चला,” आणि कंडरा मागे राहते. म्हणून जोर वाढल्याची जाणीव हा वेग वाढवण्याचा परवाना नव्हे.

दोन दुखण्यांतला फरक आपण लक्षात ठेवावा. व्यायामानंतर कोपराखालचा मांसल भाग दोन दिवस जड वाटला आणि मग मोकळा झाला, तर ते स्नायूचे श्रम आहेत. दुखणे हाडाच्या उंचवट्यावर एका बोटाने दाखवता येत असेल, सकाळी अधिक असेल आणि भांडे उचलताना किंवा फडके पिळताना कळ येत असेल, तर ते कंडरेचे आहे आणि भार त्याच दिवशी कमी करावा.

मी दारातला दांडा काढून टाकला. लोंबकळणे आणि पुल-अप तीन आठवडे पूर्ण बंद. दांडा धरून उभे राहणे चालू ठेवले, पण ४० किलोवर, जेथे दुखत नव्हते. कारण कंडरेला संपूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते. दिवसाआड, तळवा वर करून, दोन किलोचे डंबेल दुसऱ्या हाताने वर आणायचे आणि दुखऱ्या हाताने पाच सेकंदांत खाली सोडायचे, असे १५ वेळा. कळ संपायला सहा आठवडे लागले. बारा आठवड्यांचा आराखडा अठरा आठवड्यांचा झाला. अठराव्या आठवड्याच्या शेवटी मी ७५ किलोचा दांडा ३० सेकंद धरू शकत होतो आणि ५० सेकंद लोंबकळू शकत होतो. पट्ट्यांशिवाय डेडलिफ्ट ८५ किलो, पाच वेळा. पुल-अप सलग आठ. पुल-अपची संख्या पाचावरून दहावर गेली नाही, कारण आठाच्या पुढे आता पाठच थकते. अडथळा जागा बदलतो; तो कोठे आहे हे पुन्हा कसोटीनेच पाहावे लागते.

व्यायामशाळेत अनेक जण जड दांडा धरताना एक तळवा आपल्याकडे आणि एक समोर ठेवतात. त्याने दांडा घरंगळत नाही, हे खरे. पण समोर वळवलेल्या हाताने जड भार घेताना दंडाच्या पुढच्या स्नायूची कोपरापाशी असलेली कंडरा तुटू शकते, आणि मध्यमवयीन पुरुषांत हा धोका अधिक असतो. माझ्या वयाच्या माणसाने ती पकड वापरू नये असे माझे मत आहे. खूपच जड वजनाच्या फेरीला पट्टे लावावेत. पकडीचा सराव हलक्या भारावर वेगळा करावा.

आपल्या घरातील दांडा

आता आपण विचाराल, आमच्या घरी ना दांडा ना चकत्या, आणि या वयात लोंबकळायचे तरी कसे? सत्तरीपुढच्या व्यक्तीने लोंबकळूच नये. खांद्याचे स्नायू झिजलेले असतात, हाडे ठिसूळ असू शकतात आणि हात सुटला तर पडण्याची भीती असते. पण पहिली आणि तिसरी गोष्ट आपल्याला करता येते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लहान बादल्या घ्या, प्रत्येकीत दोन लिटर पाणी. मागे भक्कम खुर्ची असू द्या. बादल्या जमिनीवरून न उचलता दुसऱ्या खुर्चीवरून उचला, ताठ उभे राहा आणि २० सेकंद धरा. कडी टोचत असेल तर तिला फडके गुंडाळा. एक-दोन मिनिटांनी पुन्हा. असे तीनदा, आठवड्यातून दोन वेळा. ३० सेकंद सहज जमले की अर्धा लिटर वाढवा. मनगटाच्या व्यायामासाठी डंबेलच्या जागी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरे. रबर तेच, भाजीच्या जुडीचे.

वडिलांनी हे सुरू केले तेव्हा मुठीचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर त्यांच्या उजव्या हाताचा आकडा १९ किलो आला होता. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी जोर क्षीण मानतात. सहा महिन्यांनी त्यांचा आकडा २२ झाला. तो अजून क्षीणच आहे, पण आता ते न्हाणीघरातील कठडा धरून स्वतः उठतात. येथे एक गैरसमज दूर करतो. मुठीचा जोर हा तापमापकातील पाऱ्यासारखा आहे. तो साऱ्या शरीराच्या स्नायूंची स्थिती दाखवतो. केवळ मूठ बळकट करून पाय बळकट होत नाहीत. म्हणून बादल्यांच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करणेही त्यांच्या दिनक्रमात आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी, मी आरंभी राखून ठेवलेली गोष्ट. पडलेली व्यक्ती शुद्धीवर असेल आणि मान, कंबर वा खुबा दुखत नसेल, तर तिला आधी कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्या. समोर भक्कम खुर्ची ठेवा. तिने हात खुर्चीवर टेकून एक पाऊल पुढे रोवायचे आणि उठायचे. मागे दुसरी खुर्ची सरकवायची. काखेत हात घालून किंवा मनगटे ओढून उचलू नका, वृद्धांचे खांदे त्याने निखळतात. दुखत असेल तर मुळीच हलवू नका, मदत बोलवा. माझी पकड वाढली म्हणून मी वडिलांना उचलतो असे नाही. ते उठताना त्यांच्या कमरेचा पट्टा मी शांतपणे, न थकता धरून ठेवू शकतो, एवढेच.

केव्हा थांबावे

सलग काही धरून ठेवताना रक्तदाब वाढतो आणि श्वास रोखला की तो आणखी चढतो. म्हणून धरताना तोंडाने आकडे मोजावेत. बोलता येते आहे याचा अर्थ श्वास चालू आहे. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, अलीकडे डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल किंवा हर्निया असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरंभ करू नये.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दबत असल्याची ती खूण असू शकते. सकाळी एखादे बोट मिटलेले राहून खटका बसल्यासारखे उघडत असेल, तर त्याची कंडरा आपल्या नळीत अडकते आहे. मधुमेही व्यक्तींत हे अधिक दिसते. दोन्ही स्थितींत मूठ आवळण्याचे सारे व्यायाम थांबवावेत आणि तपासून घ्यावे. त्यावर आणखी सराव हा उपाय नाही, तो अपाय आहे.

परवा रविवारी वडील बादल्या धरून उभे होते आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. ३० सेकंद झाले तरी ते बादल्या ठेवीनात. “बाबा, पुरे. जोर शिल्लक असताना थांबायचे असते,” मी म्हणालो. त्यांनी बादल्या खुर्चीवर ठेवल्या, हात झटकले आणि विचारले, “हे तुला कोणी शिकवले?” मी कोपराच्या आतल्या बाजूच्या त्या उंचवट्यावर बोट ठेवून दाखवले.